कोरा मायना

सात रस्त्याजवळच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात चनमल्लप्पांना तोंडावर सगळे आप्पा म्हणत आणि कागदावर सर. टॉवेलच्या कारखान्याचं ऑफिस ते. माल परदेशी जायचा, त्यामुळे खरेदीदारांशी बोलणं सगळं इंग्रजीत. पण वीज, पाणी, प्रदूषण, कामगार या खात्यांची पत्रं मराठीत जायची, आणि ती गेली तीस वर्षं एकटे आप्पा लिहीत. मूळ दुधनीचे, घरात बोलणं कन्नड. मराठी त्यांनी शाळेत शिकून घेतली होती, आणि शिकून घेतलेली म्हणूनच ती फार जपून वापरत.

पूनम मंद्रूपहून नोकरीला आली तेव्हा तेवीस वर्षांची होती. पहिल्याच आठवड्यात तिनं एका अधिकाऱ्याला पत्र लिहिलं आणि वर ‘तीर्थरूप साहेब’ असा मायना घातला. आप्पांनी चष्मा वर केला.

“पूनमबाई, हे साहेब तुमचे वडील का?”

“न्हाई की.”

“मग ते तीर्थरूप कसे? तीर्थरूप आपले आईवडील. वडिलांच्या जागी मानतो त्याला तीर्थस्वरूप. आणि या साहेबाला यातलं काहीच नको. त्याला ‘मा.’ लावा, खाली ‘महोदय’ लिहा, आणि शेवटी ‘आपली विश्वासू’. आज्ञाधारक नको. आज्ञाधारक शाळेतली पोरं असतात.”

असं पाच वर्षं चाललं. मोठ्यांना साष्टांग नमस्कार म्हणून ‘सा. न. वि. वि.’, बरोबरीच्यांना सप्रेम म्हणून ‘स. न. वि. वि.’, लहानांना अनेक उत्तम आशीर्वाद म्हणून ‘अ. उ. आ.’ एकदा ‘आपण’ने सुरू केलं की मधेच ‘तुम्ही’वर घसरायचं नाही, कारण वाचणाऱ्याला पायरी चुकल्यासारखं होतं. “मायना म्हणजे उंबरा हाय पोरी,” ते म्हणायचे. पहिल्या वर्षानंतर पूनमबाईची पोरी झाली होती आणि अहोजाहोचं अगंतुगं, तेही फक्त तिच्यापुरतं. चहा आणणाऱ्या रावजींनाही ते अहो रावजी म्हणत.

मागच्या वर्षी कारखाना पुण्याच्या एका कंपनीनं घेतला. नवे साहेब अभिमन्यू. चौतीस-पस्तीसचे, हसतमुख. महिन्यातून दोनदा यायचे, बाकी फोनवर. त्यांनी पूनमला हेरलं, पगारवाढीसकट वरच्या जागेवर बसवलं आणि पहिल्याच दिवशी सांगितलं, “सर-मॅडम बंद. मेल सगळ्यांना नावानं. मलाही अभिमन्यूच म्हण. इंग्रजीत सगळे ‘यू’ असतात, हेच तर त्यातलं सुख आहे.”

पूनमला खरोखरच सुख वाटलं होतं. मराठी पत्राला बसलं की पहिल्या ओळीच्या आधीच समोरच्याचं वय, हुद्दा, नातं, आपली पायरी, सगळं तोलावं लागायचं. आणि मायन्यात जमलं तरी पुढं प्रत्येक क्रियापदात पुन्हा तोच प्रश्न. इंग्रजीत एकदा ‘हाय’ म्हटलं की मोकळं.

सप्टेंबरात आप्पांची नोकरीची मुदत संपत आली. अठ्ठावन्न होऊन गेले होते, दोनदा मुदत वाढवून मिळाली होती. त्यांनी तिसऱ्यांदा अर्ज केला. मराठीत, ‘मा. महोदय’ने सुरू होणारा, नेमक्या दीड पानाचा. अभिमन्यूंनी तो पूनमकडून वाचून घेतला आणि म्हणाले, “नाही जमणार. छान माणूस आहे. तू मेल टाक, ठरलेला मजकूर आहेच.”

“मराठीत लिहू का? त्यांना बरं वाटेल.”

“मग सगळ्यांनाच तसं लिहावं लागेल. सारखं वागवायचं ना सगळ्यांना?”

तरी मंगळवारी दुपारी तिनं आधी मराठीतच लिहून पाहिलं. ‘आदरणीय सर, सा. न. वि. वि. आपल्या दि. ३ रोजीच्या अर्जास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की...’ ते वाचताना तिचीच मान खाली गेली. एवढ्या नमस्कारांनंतर नकार कसा द्यायचा? एकेका ‘आपण’नं नकार जड होत होता. तिनं ते पुसलं. इंग्रजीत ‘डिअर सर’ लिहिलं, आणि सर बंद आहे हे आठवून खोडलं. ‘चनमल्लप्पाजी’ लिहिलं, तर ते तिलाच परकं वाटलं. आपल्याकडं जी कोण लावतं? शेवटी ठरलेला मजकूर उचलला. ‘हाय चनमल्लप्पा.’ अर्ज केल्याबद्दल आभार, या वेळी शक्य नाही, पुढच्या वाटचालीस शुभेच्छा. खाली ‘बेस्ट, पूनम’. मजकूर थोडा, सभ्य, आणि एकदाही कुठं अडखळला नाही.

आप्पा समोरच्याच टेबलावर बसले होते. उठून सांगायला गेली असती तर अकरा पावलं पडली असती. तिनं बटण दाबलं.

त्यांच्या संगणकाचा बारीक आवाज झाला. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढून रुमालानं पुसला, पुन्हा वाचलं. पूनम मान खाली घालून कागद चाळत राहिली. आप्पा तिच्याकडे वळलेच नाहीत. सहाला पिशवी उचलून रोजच्यासारखं “येतो” म्हणाले आणि जिना उतरले. बुधवारीही तसंच. गुरुवार-शुक्रवार त्यांनी दुधनीला जायला रजा मागितलेली होतीच.

शुक्रवारी सकाळी दहाला रावजी किटली न घेताच वर आले. “म्याडम, आप्पा गेले. दुधनीत. सकाळी अंगणात बसलेवते, तितंच.”

“कशानं?”

“छातीत कळ आली म्हणत्यात.” रावजी दाराला धरून उभे राहिले. “नोकरी सुटली की वो त्यांची. मला वाटतं माणसानं हाय खाल्ली.”

पूनमच्या कानात तो एक शब्द घुसला तो निघेना. रावजींना मेल-बिल काही ठाऊक नव्हतं. ते बिचारे साधं बोलले होते.

सोमवारी तिनं नेहमीचा आठवड्याचा अहवाल सात जणांना पाठवला. सवयीनं जुनीच यादी. मिनिटाच्या आत उत्तर आलं. पाठवणारे: चनमल्लप्पा.

‘स. न. वि. वि. मी दोन दिवस रजेवर आहे. परत आल्यावर आपल्या पत्राचे उत्तर अवश्य देईन. कळावे, आपला विश्वासू.’

संगणकाचं काम बघणाऱ्या अजिनाथला तिनं खालून बोलावलं. त्यानं पाहिलं आणि खांदे उडवले. “ऑटो रिप्लाय आहे, मॅडम. रजेला जाताना लावला असणार. कधीपर्यंत, तो रकाना त्यांनी कोराच ठेवलाय. म्हणजे चालूच राहील. एकाच माणसाला चार दिवसांत एकदाच जातो, म्हणून रोज येणार नाही.”

“बंद कर.”

“खातं बंद करायला त्यांच्या वरच्या माणसाची मंजुरी लागते. म्हणजे तुमचीच.”

तिनं मंजुरी दिली नाही. आज देऊ, उद्या देऊ. यादीतून त्यांचं नाव काढणंही होईना. काढायला गेलं की वाटायचं, आपणच त्यांना दुसऱ्यांदा कमी करतोय. आणि दर सोमवारी अकराच्या सुमाराला, लख्ख उन्हात, खाली रिक्षांचे भोंगे वाजत असताना, ते उत्तर यायचं. परत आल्यावर उत्तर अवश्य देईन. तिसऱ्या सोमवारी तिला कळलं की आपण अहवाल लवकर उरकतो आहोत.

दरम्यान तिच्याकडून पत्रच लिहून होईना. वीजखात्याला एक साधं पत्र होतं. ‘प्रति,’ लिहून ती पाऊण तास बसली. ‘मा.’ लिहिलं तर वाटे, हा मान खरा कुणाचा होता, देतोय कुणाला. इंग्रजी मेलला बसली तर ‘हाय’पाशी बोट थांबे. एका खरेदीदाराला तिनं कुठलाच मायना न घालता मेल धाडला. त्याचं ‘सगळं ठीक ना?’ असं उलट उत्तर आलं.

रविवारी ती मंद्रूपला गेली. आई, बजाबाई, परड्यात शेळ्यांना पाला टाकत होती.

“तुजं चित्त कुटं हाय?” आईनं विचारलं.

पूनमनं सगळं सांगितलं. आई ऐकत राहिली, मग म्हणाली, “नावानं हाक मारली म्हणून माणूस मरत न्हाई गं.” पूनमला जरा हलकं वाटतंय तोवर आई पुढं बोलली, “पर जाताना ती हाक कानात घिऊन गेला आसंल.”

पाचव्या सोमवारी उत्तर आलं तेव्हा पूनमनं अजिनाथला सांगितलं, “खातं बंद करायचंय. त्याआधी राहिलेली कामं बघून घेते. मला उघडून दे.”

त्यानं उघडून दिलं आणि तो जेवायला गेला. आलेली पत्रं, गेलेली पत्रं, सगळं आप्पांसारखंच नीटनेटकं होतं. एका कप्प्यात मात्र न पाठवलेले मसुदे होते. सात. सातही तिच्या त्या मेलला लिहायला घेतलेली उत्तरं.

पहिला मंगळवारचा, दुपारी चार बाराचा. म्हणजे चष्मा पुसून झाल्यावरचा. ‘चि. पूनम, अ. उ. आ. तुझे पत्र मिळाले.’ तिथंच थांबलेला.

दुसरा वीस मिनिटांनी. ‘पूनमबाई यांस, स. न. वि. वि. तुमचे पत्र मिळाले.’

तिसरा सहाला दहा कमी असतानाचा. ‘मा. पूनम मॅडम, आपले दि. १७ रोजीचे पत्र मिळाले.’

तुझे, तुमचे, आपले. एकाच दुपारी पाच वर्षांच्या पायऱ्या ते एकेक करून खाली उतरले होते, की तिला वर चढवत होते, ते तिला उमजेना. बुधवारचे दोन इंग्रजीत होते. एक ‘रिस्पेक्टेड मॅडम’, दुसरा ‘डिअर पूनम’. दोन्हींच्या पुढं काही नाही. गुरुवारचा सहावा पुन्हा मराठीत, नुसतं ‘पूनम’, आणि पुढं स्वल्पविराम.

सातवा शुक्रवारचा होता. सकाळी सात पाचचा, फोनवरून लिहिलेला. त्यात देवनागरीत एकच शब्द होता.

‘हाय’

तिनं तो आधी इंग्रजी वाचला. शेवटी आप्पांनीही नवी रीत घेतली म्हणायची. अठ्ठावन्न उलटलेल्या माणसानं, ज्यानं रावजींनासुद्धा कधी अरे म्हटलं नाही, त्यानं अंगणात बसून, बोटानं एकेक अक्षर दाबत तिचाच मायना तिला परत करायचा म्हणून लिहिला. पुढं नाव लिहायला धजले नाहीत. मग तिनं तोच शब्द पुन्हा वाचला, आणि या वेळी तो मंद्रूपच्या तोंडानं वाचला गेला. कोण हाय? हाय. हितंच हाय.

पंखा गरगरत होता. आप्पांची खुर्ची टेबलाखाली सारलेली होती. पूनम उठली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. अजिनाथ जेवून परत येईस्तोवर ती तशीच उभी होती.

कंपनीकडून घरच्यांना शोकपत्र जायचं राहिलंच होतं. अभिमन्यूंनी इंग्रजीतल्या तीन ओळी पाठवल्या. पूनमनं फोन केला. “मी मराठीत लिहून स्वतः घेऊन जाते,” ती म्हणाली.

“अगं, कुरिअरनं...”

“सर, मी जाते.”

सर म्हटल्याबद्दल अभिमन्यूंनी काही टोकलं नाही. “जा,” एवढंच म्हणाले.

तिनं ते हातानं लिहिलं. आप्पांच्या पत्नीचं नाव चंद्रिका. नावापुढं ‘गं. भा.’ लिहावं का? जुन्या पत्रांत विधवेला तसं लिहीत. तिला ते लिहवेना, ‘श्रीमती’ लिहिलं. आप्पांच्या नावापुढं ‘कै.’ लिहिलं. शेवटी ‘आपली नम्र’. सहा वेळा कागद बदलला.

दुधनीच्या घरी अंगण शेणानं सारवलेलं होतं आणि एक खुर्ची भिंतीशी होती. पूनमनं तिच्याकडं बघायचं टाळलं. चंद्रिकाबाई दारात आल्या. कपाळावर विभूती, अंगावर फिकट इरकल. “बर्री, बर्री,” म्हणाल्या आणि मग मराठीत वळल्या. “या. तू पूनम व्हय? बस.”

पत्र त्यांनी हळूहळू, ओठ हलवत वाचलं. एका जागी बोट ठेवलं.

“हे कै. न्हाई म्हणत आमच्यात. कैलासवासी तुमच्यात. आमच्यात लिंगैक्य.”

पूनमचा चेहरा उतरला. “चुकलं माझं. त्यांनी हे कधी सांगितलंच नाही.”

“स्वतःचं कसं सांगतील?” चंद्रिकाबाई शांतपणे म्हणाल्या. “खोड आणि वर लिही.”

तिनं खोडलं. खोडलेलं पत्र मांडीवर घेऊन बसली, आणि मग ज्यासाठी आली होती ते विचारलं. “त्या मंगळवारी ते शहरातल्या घरी आले तेव्हा काही बोलले का? माझ्याबद्दल?”

चंद्रिकाबाईंनी तिच्याकडं नीट पाहिलं. “बोलले की. म्हणले, पोरगी मोठी झाली, नावानं हाक मारती. हसत होते.”

पूनमच्या डोळ्यांत पाणी आलं.

“हसत होते व्हय,” त्या पुढं म्हणाल्या. खोटं बोलायची त्यांची रीत नसावी. “पर जेवले न्हाईत. ताट पुढं घिऊन मला विचारत बसले, आता तिला काय म्हणू? मी म्हणलं, पूनम म्हणा की, तेच नाव हाय तिचं. तर म्हणले, तसं न्हाई गं. ते कागदावर बसत न्हाई.”

“मग? शेवटी काय ठरवलं त्यांनी?”

“ठरलं न्हाई. हितं आल्यावर बी फोन घिऊन बसायचे. शेवटच्या दिवशी चहा देऊ का विचारायला गेले तर म्हणले, थांब, सापडलं बहुतेक.”

“काय सापडलं?”

“मी चहा गाळायला आत आले,” चंद्रिकाबाई म्हणाल्या. “बाहेर आले तर...” त्यांनी हात नुसता अंगणाकडं केला.

बाहेर कुणीतरी कन्नडमधून शेळीला हाकलत गेलं. पूनमला तो सातवा मसुदा सांगावासा वाटला. पण सांगायचा कुठल्या अर्थानं? आधी वाचला त्या, की नंतर वाचला त्या? तिनं सांगितला नाही.

मग चंद्रिकाबाई उठल्या आणि आतून एक कोरा कागद घेऊन आल्या. “आली हाईस तर एक काम कर. नळ त्यांच्या नावावर हाय. माझ्या नावावर करायचा अर्ज पायजे. हितली पोरं लिहितात, पर ते म्हणायचे, अर्ज लिहावा तर पूनमनं.”

पूनमनं कागद मांडीवर घेतला. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा पेन अडलं नाही. ‘प्रति, मा. मुख्याधिकारी, दुधनी नगरपरिषद.’ विषय. महोदय. ‘माझे पती लिंगैक्य चनमल्लप्पा’ हे शब्द तिनं सावकाश लिहिले. मजकूर संपला, ‘आपली विश्वासू’ झालं, आणि खाली अर्जदाराच्या नावाची जागा आली.

“तुमच्या नावापुढं काय लिहू?” पूनमनं सवयीनं विचारलं.

चंद्रिकाबाईंनी पटकन ‘सौ.’ म्हणायला तोंड उघडलं होतं. ओठ तसेच राहिले. चाळीस वर्षं लग्नपत्रिकेवर, रेशनकार्डावर, देवळाच्या पावतीवर त्या एवढ्याशा अक्षरानं त्यांचं नाव सुरू होत आलं होतं. त्या बसल्या जागी हलल्या, पदर सारखा केला.

“श्रीमती लिहितात,” पूनम हळूच म्हणाली. “ते कुणालाही चालतं. तसा त्याचा काही...”

“ठाऊक हाय मला.” त्या खिडकीकडं बघत होत्या. “तिथं काही लिहू नको आज. मोकळी ठेव जागा.”

“अर्ज परत आला तर...”

“आला तर येऊ दे. मग लिहू.”

पूनमनं थोडी जागा सोडून पुढं नुसतं ‘चंद्रिका’ लिहिलं आणि कागद त्यांच्या हातात दिला. चंद्रिकाबाईंनी पेन घेतलं, चौकटीपाशी सरकून उजेडात कागद धरला आणि सही केली, कन्नडमध्ये, गोल गोल अक्षरांत, फार वेळ लावून. पूनमला ती वाचता येत नव्हती.